शहाण्णव किलोचे दोनशे किलो: लालबागमधल्या एका बिनबोल्टच्या रॅकचं प्रकरण

लालबागमध्ये तळमजल्यावरच्या एका गाळ्यात एक काकू फराळ आणि भाजणीचा व्यवसाय करतात. सामान जमिनीवरून उचलून वर ठेवायचं म्हणून त्यांनी नट-बोल्ट नसलेला लोखंडी रॅक घेतला आणि भाच्याच्या मदतीने स्वतःच उभा केला. थोड्याच दिवसांत तिसऱ्या फळीची पुढची कड मध्यभागी खाली झुकलेली दिसू लागली. त्या फळीवर तेलाचे सहा डबे होते, एकूण ९६ किलो. सोबत आलेल्या कागदावर प्रत्येक फळीची क्षमता १५० किलो छापलेली होती. काकूंचा प्रश्न अगदी रास्त होता: "दीडशे लिहिलंय ना दादा? मग शंभरालासुद्धा का वाकावं?"

रॅक बसवणं हा माझा रोजचा धंदा आहे आणि असे फोन मला नेहमी येतात. हेच प्रकरण सविस्तर लिहितोय, कारण इथे माल खराब नव्हता आणि वजनही छापील आकड्याच्या आतच होतं. तरी बीम वाकला. कारणं दोन होती, ओझं कुठे ठेवलं आणि जोडणी कशी झाली, आणि ती एकमेकांत गुंतलेली होती.

रॅक कसा होता

लांबी १२०० मिमी, खोली ४५० मिमी, उंची १८०० मिमी आणि पाच थर. चार कोपऱ्यांना चार उभे पोस्ट. प्रत्येक पोस्ट काटकोनात दुमडलेल्या पत्र्याचा, त्यामुळे त्याला दोन बाजू मिळतात, आणि दोन्ही बाजूंवर वरपासून खालपर्यंत स्लॉटची रांग असते. पुढचे-मागचे लांब बीम एका बाजूवर लटकतात, डावे-उजवे आखूड बीम दुसऱ्या बाजूवर. एका थराला दोन लांब आणि दोन आखूड असे चार बीम लागतात आणि त्यांच्या आतल्या काठावर फळी बसते.

सगळी ताकद त्या स्लॉटच्या आकारात आहे. स्लॉट वर रुंद असतो आणि खाली निमुळता होत जातो. बीमच्या प्रत्येक टोकाला दोन रिवेट असतात. रिवेटचं डोकं रुंद भागातून आत घालायचं आणि बीम खाली दाबायचा, की रिवेटची मान स्लॉटच्या अरुंद भागात पाचरीसारखी रुतते. वरून वजन येईल तसा हा जोड आणखी आवळतो. म्हणूनच बोल्टची गरज पडत नाही. याचा दुसरा अर्थ असा, की खालून वर धक्का बसला तर तोच जोड सुटतो. आणि रिवेट मानेपर्यंत उतरलाच नसेल, तर तो जोड नुसता दिसायला जोड असतो.

कागदावर दोन आकडे होते. प्रत्येक थराला १५० किलो "सम विभागलेलं", आणि पूर्ण रॅकला ६०० किलो. पाच गुणिले दीडशे साडेसातशे होतात, पण रॅक सहाशेचाच आहे, कारण सगळ्या थरांचं वजन शेवटी खालच्या चार पोस्टमधूनच जमिनीत उतरतं आणि पोस्टची मर्यादा वेगळी असते. हा दुसरा आकडा लोक सहसा वाचत नाहीत. पहिल्या आकड्यातले "सम विभागलेलं" हे दोन शब्द तर त्याहून कमी लोक वाचतात, आणि या प्रकरणाचं अर्धं उत्तर त्याच दोन शब्दांत होतं.

गेल्यावर काय दिसलं

मी आधी सामानाला हात लावू दिला नाही. वजन असतानाचा रॅक खूप काही सांगतो, रिकामा केला की पुरावा निघून जातो. तिसऱ्या थराच्या पुढच्या बीमच्या खालच्या कडेला, दोन्ही टोकांना धरून एक सूत ताणलं आणि मध्यभागी पट्टी लावली. सूत आणि बीम यांत ९ मिमीचा फरक आला. रॅकच्या कामात लांबीच्या दोनशेव्या भागापर्यंतचा झोल चालतो असं धरतात. १२०० मिमीला तो ६ मिमी येतो. म्हणजे बीम दीडपट झुकला होता.

मग टोकं पाहिली. उजवं टोक ठीक होतं. डाव्या टोकाला वरचा रिवेट मानेत उतरलेला होता, पण खालच्या रिवेटचं डोकं स्लॉटमध्ये गेलेलंच नव्हतं. ते पोस्टच्या पत्र्यावर टेकून राहिलं होतं. त्यामुळे बीमचं टोक खालच्या बाजूला पोस्टपासून जवळजवळ ३ मिमी सुटलेलं होतं आणि ते सगळं टोक एकाच रिवेटवर लोंबत होतं. समोरून पाहिलं तर हे लक्षात येत नाही, कारण बीमची वरची कड जागच्या जागी दिसते. मांडी घालून खालून बघावं लागतं, किंवा फटीत पोस्टकार्ड सरकवून पाहावं लागतं. नीट बसलेल्या जोडात पोस्टकार्ड शिरत नाही. इथे तर चावीच आत गेली.

थरांची मांडणीही बदललेली होती. तेलाचा चौकोनी डबा साधारण ३५० मिमी उंच असतो. एकावर एक दोन डबे ठेवायचे तर सातशेच्या वर जागा हवी, म्हणून भाच्याने चौथा थर लावलाच नव्हता. थर जमिनीपासून १५०, ५५०, ९५० आणि थेट १७८० मिमीवर होते. उरलेले बीम आणि फळी भिंतीला टेकवून ठेवली होती. त्याच ढिगात चार-पाच छोट्या पट्ट्या पाकिटात तशाच बंद होत्या. भाचा म्हणाला, "हे एक्स्ट्रा पार्ट आहेत, जास्तीचे आलेत."

ते जास्तीचे नव्हते. त्या फळीखालच्या आडव्या पट्ट्या होत्या. पुढच्या आणि मागच्या लांब बीमच्या मध्यभागी ही पट्टी अडकवतात. ती फळीला मधोमध आधार देते, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे दोन्ही बीमना बाहेरच्या बाजूला फाकू देत नाही. पट्टी नसेल तर फळी झुकते, झुकताना बीमच्या आतल्या काठाला खाली ओढते आणि बीम नुसता वाकत नाही, पिळलाही जातो. इथला पुढचा बीम तसा थोडा पिळला होता. वरची कड आत कललेली हाताला लागत होती.

शेवटी जमीन. शहाबादी फरशी, आणि तिचा उतार डावीकडच्या मोरीच्या दिशेने. रॅकच्या १२०० मिमी लांबीत डावी बाजू ११ मिमी खाली होती. डाव्या पायांखाली पुठ्ठ्याच्या घड्या घातलेल्या, आणि त्या दबून ओल्या झालेल्या. एवढा उतार तसाच राहिला तर १८०० मिमी उंचीवर रॅकचं डोकं सुमारे १६ मिमी एका बाजूला जातं. ओळंबा लावल्यावर आकडा जवळपास तेवढाच आला.

इथे सगळे धागे जुळतात. रॅक उतारावरच उभा करून ठोकला होता. चौकट तिरकी झाली की डाव्या पोस्टचे स्लॉट आणि बीमचे रिवेट समोरासमोर येत नाहीत. वरचा रिवेट कसाबसा घुसतो, खालचा पत्र्यावर आपटतो. हातोडा मारणाऱ्याला वाटतं की बसला, कारण बीम खाली गेलेला दिसतो.

शहाण्णव किलो दोनशे कसे होतात

जोडणी सदोष होती हे खरं, पण ती अगदी निर्दोष असती तरीही हा बीम अडचणीतच होता. काकूंच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे, म्हणून हिशेब सविस्तर मांडतो.

दीडशे किलो फळीभर सारखं पसरलं, तर पुढच्या बीमवर ७५ आणि मागच्यावर ७५ किलो येतं. (आखूड बीमही थोडं वजन उचलतात, पण मी ते हिशेबात धरत नाही. चूक झालीच तर सुरक्षित बाजूला व्हावी.) बीमला मध्यभागी वाकवणारा जोर काढायचा असेल तर सम विभागलेल्या ओझ्यासाठी वजन गुणिले लांबी भागिले आठ. म्हणजे ७५ × १.२ ÷ ८, उत्तर ११.२५. याचं एकक किलो-मीटर, पण ते बाजूला ठेवा. ही त्या बीमची मर्यादा, एवढं लक्षात ठेवा. तेच वजन एका टिंबावर, बरोबर मध्यभागी ठेवलं तर आठच्या जागी चार येतात, म्हणजे जोर दुप्पट.

आता काकूंच्या फळीवर काय होतं ते पाहू. तेलाच्या डब्याचा तळ साधारण २३५ मिमीचा चौकोन. फळीची खोली ४५०, म्हणून मागे-पुढे दोन डबे मावत नाहीत, २० मिमी कमी पडतात. साहजिकच सगळे डबे एकाच रांगेत, आणि काढायला सोपे म्हणून अगदी पुढच्या कडेला. मागच्या रिकाम्या जागेत प्लास्टिकच्या पिशव्यांची पुडकी होती, त्यांचं वजन नगण्य. डब्याचा मध्य पुढच्या कडेपासून साधारण ११७ मिमीवर येतो, आणि तिथे असलेल्या वजनाचा जवळपास तीन चतुर्थांश हिस्सा पुढच्या बीमवर जातो. ९६ किलोंपैकी सुमारे ७१ पुढे, २५ मागे. मागचा बीम जवळजवळ रिकामटेकडा बसला होता.

शिवाय हे ७१ किलो पूर्ण लांबीवर नव्हते. तीन डब्यांची रांग आणि त्यांच्यावर आणखी तीन, म्हणजे सगळं ओझं मधल्या ७०५ मिमीवर. दोन्ही टोकांना, पोस्टच्या जवळ, सुमारे पाव-पाव मीटर जागा मोकळी. असं मधल्या पट्ट्यात बसलेलं ओझं असेल तर हिशेब असा: ७१ × (१.२ ÷ ४ − ०.७०५ ÷ ८). कंसातली किंमत ०.२१२ आणि उत्तर १५.

मर्यादा ११.२५, प्रत्यक्षात १५. उलट दिशेने मोजलं तर हा जोर म्हणजे एका बीमवर सम विभागलेले १०० किलो, आणि दोन्ही बीम धरून फळीवर सम विभागलेले २०० किलो. काकूंना मी हेच सांगितलं: तुम्ही ठेवले शहाण्णव, पण पुढच्या बीमला ते दोनशेच्या फळीसारखे लागले. त्यात एक टोक एकाच रिवेटवर आणि मधली पट्टी नाही. भरलेला डबा फळीवर ठेवताना शेवटचे दोन-चार इंच तो आदळतो, तो धक्का वेगळाच.

काकूंनी लगेच विचारलं, "म्हणजे डबे टोकाला ठेवले असते तर?" अगदी बरोबर प्रश्न. पोस्टपासून १५० मिमीवर एक डबा दोन्ही टोकांना ठेवला, आणि तोही खोलीच्या मध्यावर, तर प्रत्येक बीमवर एका डब्याचे ८ किलो येतात आणि मध्यभागी वाकवणारा जोर होतो ८ × ०.१५, म्हणजे १.२. पोस्टजवळचं ओझं बीमला फारसं वाकवत नाही, ते सरळ रिवेटमधून पोस्टमध्ये उतरतं. आपली सवय नेमकी उलटी असते. जड वस्तू मधोमध ठेवली की "बॅलन्स" राहील असं वाटतं. तराजूला ते लागू असेल, लटकत्या बीमला नाही.

चौथा थर काढल्याचा परिणाम

यावर भाच्याशी बरीच चर्चा झाली. पोस्टला दर थराला बीम धरून ठेवतात. दोन थरांमधलं अंतर वाढलं की त्या भागातला पोस्ट मोकळा पडतो, आणि लांबी दुप्पट झाली तर सडपातळ पोस्टची बाकदार होऊन निकामी होण्याची मर्यादा सिद्धांतानुसार चौथ्या भागावर येते. इथे तिसऱ्या आणि सर्वात वरच्या थरात ८३० मिमी अंतर पडलं होतं. पण त्या भागातल्या पोस्टवर फक्त वरच्या फळीवरच्या पातेल्यांचं वजन होतं, चाळीसेक किलो, त्यामुळे तिथे पोस्ट वाकायचा धोका नव्हता. रॅक लंबकासारखा हलत मात्र होता, कारण या प्रकारच्या रॅकला तिरके आधार नसतात. त्याचा ताठपणा बीम-पोस्टच्या जोडांमधूनच येतो आणि एक थर गेला की आठ जोड जातात.

हेच अंतर तळाशी पडलं असतं तर चित्र वेगळं होतं. मोठा पिंप मावावा म्हणून खालचा थर काढणारे लोक मी पाहतो. तिथे पूर्ण रॅकचं ओझं त्या मोकळ्या पोस्टमधून जात असतं. वरचा थर काढणं गैरसोयीचं आहे, खालचा काढणं धोक्याचं आहे, आणि हे दोन्ही मी एका मापाने मोजत नाही.

पुन्हा उभारणी

आधी वरून खाली सगळं रिकामं केलं. ओझं उतरल्यावर वाकलेल्या बीमला परत सूत लावलं. ९ मिमीचा झोल २ मिमीवर आला, पण शून्यावर आला नाही. ही खूण महत्त्वाची आहे. वजन उतरल्यावर बीम पूर्ण सरळ झाला तर तो नुसता लवला होता. थोडासाही बाक राहिला तर पत्रा कायमचा ताणला गेला आहे. तो हातोड्याने सरळ करून परत लावता येईल असं भाच्याला वाटत होतं. सरळ दिसेल, पण ठोकलेल्या जागी पत्रा मार खाल्लेला असतो आणि पुढच्या वेळी तिथूनच मोडतो. तो बीम बाद केला. नवा बीम त्याच विक्रेत्याकडून, त्याच मालिकेतला मागवला. नागदेवीच्या हार्डवेअर बाजारात दिसायला हुबेहूब बीम मिळतो, पण दोन रिवेटमधलं अंतर आणि मानेची जाडी बनवणाऱ्यागणिक बदलते. सैल बसणारा रिवेट आणि न बसलेला रिवेट यांत मी फरक करत नाही.

पोस्ट उलटे लागले नाहीत ना, हे जोडणीच्या आधी पाहिलं. स्लॉटचा निमुळता भाग खाली असायला हवा. चारही पोस्टवर तळापासून स्लॉट मोजून थरांच्या जागी मार्करने खुणा केल्या. नुसत्या नजरेने लावलं की एखादा बीम एक स्लॉट वर-खाली होतोच.

मग दोन पोस्ट जमिनीवर आडवे ठेवून त्यांच्यात आखूड बीम घातले: एक तळाशी, एक डोक्याला आणि एक मध्ये, जिथे पोस्टचे दोन तुकडे एकमेकांना जोडले जातात. त्या जोडाजवळ एक थर यायलाच हवा, नाहीतर पोस्ट तिथेच मोडतो. अशा दोन शिड्या तयार झाल्या. आधी शिड्या, मग लांब बीम, हा क्रम मी सोडत नाही. चार सुटे पोस्ट उभे धरून लांब बीम लावायला घेतले की एक पोस्ट कायम कुणाच्या तरी खांद्यावर असतो आणि घाईत ठोकाठोक होते.

शिड्या उभ्या करण्याआधी जमीन सारखी केली. पुठ्ठे काढून टाकले. डाव्या पायांखाली वेगवेगळ्या जाडीचे लोखंडी पत्र्याचे चौकोन ठेवले, पायापेक्षा थोडे मोठे, म्हणजे वजन फरशीच्या एका टिंबावर येत नाही. खालचे दोन लांब बीम हाताने अडकवले, मग सर्वात वरचे दोन. अजून हातोडा नाही. खालच्या चौकटीवर लेव्हल ठेवून पत्रे कमी-जास्त केले. मग वरून बघताना कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोन्ही कर्ण मोजले. १२०० बाय ४५० ला कर्ण साधारण १२८२ मिमी येतो, पण तो आकडा पाठ असण्याची गरज नाही. दोन्ही कर्ण सारखे आले पाहिजेत, एवढंच. पहिल्या मोजणीत ६ मिमीचा फरक होता. एक शिडी किंचित सरकवल्यावर तो गेला. नंतर समोरूनही तसेच दोन कर्ण मोजले.

त्यानंतरच रबरी हातोडा. खालच्या थरापासून सुरुवात करून बीमच्या टोकावर, पोस्टला लागून, लाकडाचा तुकडा ठेवून त्यावर मारायचं. मध्यभागी कधीच नाही. एका टोकाला सगळी ताकद लावून मग दुसऱ्याकडे गेलं की बीम तिरका अडकतो, म्हणून इकडे दोन, तिकडे दोन. भाच्याला मी आवाज ऐकायला सांगितलं. रिवेट अजून जायचा असतो तेव्हा आवाज पोकळ येतो आणि बीम थरथरतो. मान रुतली की आवाज एकदम कोरडा, टणक होतो आणि पुढच्या फटक्याला बीम हलत नाही. तिथे थांबायचं. त्यापुढे मारलं तर स्लॉटची कड फाटते. काकू स्वयंपाकघरातूनच म्हणाल्या, "आता बसला." त्यांना न बघता कळलं होतं.

प्रत्येक टोक खालून तपासलं: दोन्ही रिवेट सारख्या खोलीवर, त्यांच्या वर स्लॉटचा रुंद भाग रिकामा दिसतो आहे, आणि पोस्टकार्ड शिरत नाही. डाव्या पुढच्या पोस्टच्या त्या एका स्लॉटची कड जुन्या ठोकाठोकीने किंचित आत वळली होती. स्लॉट फाटलेला नव्हता, पण मी तो पोस्ट काढून मागच्या कोपऱ्यात घेण्यापेक्षा तिसरा थर तिथून एक स्लॉट वर घेतला, चारही कोपऱ्यांत. खरचटलेल्या जागांना प्रायमरचा हात दिला. मुंबईच्या खाऱ्या, दमट हवेत रंग उडालेल्या रिवेटला एका पावसाळ्यात गंज धरतो, आणि गंजलेला जोड पुढे सोडवताही येत नाही.

मग मधल्या पट्ट्या, आणि सगळ्यात शेवटी फळ्या. फळ्या भुशाच्या दाबलेल्या होत्या. त्यांना पाणी लागलं की कडा फुगतात आणि फळी बीमच्या काठावर सपाट बसत नाही. म्हणून कापलेल्या कडांना दोन हात रंग मारून घेतला. पावसात पाणी तुंबणारं हिंदमाता इथून लांब नाही. पाणी गाळ्यात आलं तर किती येतं ते काकूंनी भिंतीवरच्या जुन्या डागावरून दाखवलं, आणि सर्वात खालचा थर त्या डागाच्या वर राहील याची खात्री करून घेतली.

शेवटी भिंत. उंची खोलीच्या चौपट आहे. एवढ्या अरुंद रॅकला मी भिंतीला धरल्याशिवाय माल चढवू देत नाही, कारण वरच्या फळीवरून जड पातेलं पुढे ओढताना माणूस नकळत रॅकच पुढे ओढतो. वरच्या थराजवळ दोन्ही मागच्या पोस्टना एल-क्लॅम्प लावून भिंतीत पकडलं. जुन्या इमारतींचं प्लास्टर जाड आणि भुसभुशीत असतं, नुसत्या प्लास्टरमधला स्क्रू हाताने निघतो. म्हणून भोक करताना लाल भुकटी यायला लागल्यावर, म्हणजे वीट लागल्यावर, तिथून पुढे ५० मिमी मोजले. घरमालकाला काकूंनी आधी विचारलं होतं.

माल चढवणं

काकूंकडे वजनकाटा असल्यामुळे अंदाजाचं काम उरलं नाही. खाली डाळीची चार पोती, प्रत्येकी ३० किलो, दोन आडवी शेजारी-शेजारी आणि त्यांच्यावर दोन. पोतं मऊ असल्याने स्वतःच पसरतं आणि सम विभागणीच्या सगळ्यात जवळ जातं. हे झाले १२०. दुसऱ्या थरावर तेलाचे चार डबे, एकाच मजल्यावर, चौघांत सारखं अंतर आणि खोलीच्या मध्यावर. ६४ किलो. आता प्रत्येक बीमवर ३२ किलो आणि वाकवणारा जोर सुमारे ४.८, मर्यादेच्या निम्म्याहून कमी. डबे पुन्हा पुढे सरकू नयेत म्हणून फळीवर कडेपासून १०० मिमीवर टेपची रेघ मारली.

उरलेले दोन डबे तिसऱ्या थरावर, दोन्ही टोकांना पोस्टजवळ, आणि मध्ये मसाल्याच्या बरण्या, मिळून ६२ किलो. चौथ्या थरावर पातेली आणि झारे, ४०. सर्वात वर तयार फराळाचे रिकामे खोके आणि पिशव्या, २५. एकूण ३११, सहाशेच्या निम्म्याच्या थोडं वर. चौथ्याचा एक बीम तिसऱ्या थराला लावल्यामुळे नवा बीम येईपर्यंत चौथा थर बंद होता आणि पातेली जमिनीवर होती.

माल चढल्यावर परत सूत लावलं. दुसऱ्या थराचा पुढचा बीम २ मिमीच्या आसपास लवला होता. ओळंबा सरळ होता.

भाच्याने विचारलं की असाच रॅक घरी, तिसऱ्या मजल्यावर लावला तर. तिथे प्रश्न रॅकचा राहत नाही. हा रॅक आणि माल मिळून साडेतीनशे किलोच्या आसपास जातो आणि तो अर्ध्या चौरस मीटरपेक्षा थोड्या जास्त जागेवर उभा आहे. आयएस ८७५ या भारतीय मानकाच्या भाग २ मध्ये राहत्या खोल्यांसाठी धरलेला भार चौरस मीटरला २ किलोन्यूटन आहे, म्हणजे ढोबळमानाने २०० किलो. हा भार खोलीभर धरलेला असतो, त्यामुळे एक रॅक म्हणजे लगेच संकट नव्हे. पण एका भिंतीला असे तीन-चार रॅक लावायचे असतील, आणि इमारत जुनी, लाकडी तुळयांची असेल, तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. रॅक बसवणाऱ्याने यावर हो म्हणू नये. मी म्हणत नाही.

गणपतीच्या आधी डाळीचं पाचवं पोतं येतं, असं काकू म्हणाल्या. खालच्या थरावर ते ठेवलं तर बरोबर १५० होतात, आणि पोतं आदळून ठेवलं जातं, म्हणून ते रॅकवर चढवायचं नाही असं ठरलं. त्याच्यासाठी शेजारी लाकडी पाट ठेवला आहे.